दहा सह्यांची वही

तिला आम्ही वहीताई म्हणायचो. नाव मीच ठेवलं आणि चेष्टेनं ठेवलं, हे आधीच कबूल करतो. मशीन शॉपमध्ये छत्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची चौदा फोरमन म्हणून. एवढ्या वर्षांत हाताखालून अॅप्रेंटिसच्या तुकड्यांवर तुकड्या गेल्या. चेहरे आठवतात, तेही अर्धेच. हिचं मात्र सगळं आठवतं, कारण हिनं मला माझीच सही वाचायला लावली.

पहिल्यांदा दिसली ती तांत्रिक संस्थेच्या हॉलमध्ये. निकाल लागला की तिथं कंपन्या टेबलं मांडून बसतात आणि पास झालेली पोरं या टेबलावरून त्या टेबलावर फिरतात. आमच्या टेबलावर मी आणि एचआरचा साहेब. साहेब वयानं माझ्या मुलाएवढा, गळ्यात टाय, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं उद्यापासूनच पगार सुरू. शेजारच्या टेबलावर गाड्या जुळवणारा मोठा कारखाना. त्यांचा स्टायपेंड आमच्या दीडपट, शिवाय न्यायला-आणायला बस, कॅन्टीन, दोन जोड कपडे. त्यांच्या टेबलाची रांग दारापर्यंत गेलेली, आणि आम्ही दोघं आमच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत बसलेलो.

तेवढ्यात ही आली. बाकीची पोरं अठरा-एकोणीसची, ही सव्वीसची. हातात शाळेत असते तसली दोनशे पानी वही. मागं भिंतीपाशी बाकावर तिची आई बसलेली, आणि आईच्या शेजारी मोठा भाऊ उभा, हातातली गाडीची किल्ली खुळखुळवत. तो सामान पोचवायची व्हॅन चालवायचा, मधल्या वेळात आला होता.

तिनं खुर्चीत बसायच्या आधी विचारलं, "सर, करार सरकारदरबारी नोंदवता का?"

साहेब म्हणाला, "हो, लगेच. नोंदणीचा क्रमांक मिळतो."

"वर्षाच्या शेवटी मंडळाच्या परीक्षेला बसवता?"

"बसवावंच लागतं. प्रमाणपत्र मंडळाचं, आमचं नाही."

तिनं वहीत दोन ओळी लिहिल्या आणि मान वर न करता तिसरा प्रश्न टाकला. "मागच्या तुकडीतले कायम किती झाले?"

साहेबानं छताकडे पाहिलं. "ते ज्याच्या-त्याच्या कामगिरीवर असतं. भविष्य उज्ज्वल आहे."

मला असलं गुळमुळीत बोलणं सोसत नाही. माझा स्वभावच तसला, तोंडात तीळ भिजत नाही. मी म्हटलं, "सहातला एक."

"आणि त्याच्या आदल्या?"

"एकही नाही."

टेबलाखालून साहेबानं माझा पाय दाबला. तिनं मात्र 'सहात एक, त्याआधी शून्य' असं लिहून घेतलं आणि पहिल्यांदा हसली. म्हणाली, "शेजारच्या टेबलावर हाच प्रश्न विचारला, तर म्हणाले आधी फॉर्म भरा. तिथं करार नोंदवत नाहीत. त्यांची स्वतःची योजना आहे, शेवटी कंपनीचा अनुभवाचा दाखला देतात."

आणि आमचाच फॉर्म भरला.

भावाचा पारा चढलेला हॉलभर दिसत होता. "दीडपट सोडून कागदाच्या मागं लागली. तुला काय कागद खायचाय का?" असं तो पायऱ्यांवर म्हणाला, ते मी कानांनी ऐकलं.  उत्तर दिलं ते आईनं. म्हणाली, "चार वर्षं कॉलर शिवल्यात तिनं. तिला ठरवू दे."

कॉलरचा अर्थ मला संस्थेतल्या निदेशकांनी सांगितला. निदेशक म्हणजे तिथं लेथ शिकवणारे, माझ्या जुन्या ओळखीचे. ती आधी कपड्यांच्या कारखान्यात होती. चार वर्षं तिथं शर्टाच्या कॉलर शिवल्या, फक्त कॉलर. हात असा बसला होता की डोळे मिटून शिवावी. मग तो कारखाना बंद पडला आणि ही दुसरीकडे काम मागायला गेली, तर त्यांनी पूर्ण शर्ट शिवून दाखवायला सांगितला. हिला बाही लावता येईना. चार वर्षांचा अनुभव आणि हातात काही नाही. घरी येऊन आठ दिवस बोलली नाही म्हणे, आणि नवव्या दिवशी संस्थेत नाव घातलं.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून मी पुढं जे केलं ते केलं.

आमच्याकडे पंपाचे सुटे भाग व्हायचे. त्यात एक बुश. बुश म्हणजे धातूची जाड बांगडी समजा, आतलं भोक अगदी काटेकोर मापाचं पाहिजे. भोक तपासायला एक दांडी असते, गेज म्हणतात. तिचं एक टोक आत जायलाच हवं आणि दुसरं टोक जायलाच नको. आत जास्त खरवडलं की दुसरं टोकही जातं आणि नग भंगारात. भल्याभल्यांच्या नाकी नऊ यायचे त्या बुशपायी.

हिनं तिसऱ्या आठवड्यात दिवसाला दीडशे काढले, भंगार दोन. महिन्याभरात एकशेऐंशी. पुढं दोनशे दहा. आतली कड बरोबर कापली जाते की नाही, ते तिला आवाजावरून कळायचं. मॅनेजर येऊन बघून गेला आणि मला म्हणाला, "फोरमन, ही कुठून पैदा केलीत? हिला हलवू नका."

मी हलवलं नाही. करारासोबत एक तक्ता असतो. कुठल्या महिन्यात उमेदवारानं काय शिकायचं, ते त्यात लिहिलेलं असतं. आधी साधं कातणं, म्हणजे लेथवर धातू फिरवत कापणं, मग टेपर म्हणजे निमुळतं कातणं, मग आटे पाडणं, मग मिलिंग, ग्राइंडिंग, तपासणी. तो तक्ता माझ्या केबिनमध्ये काचेखाली होता. त्या काचेवर मी रोज चहाचा कप ठेवायचो.

तिनं दोनदा विचारलं. चौथ्या महिन्यात म्हणाली, "काका, टेपर कधी?" मी म्हटलं, "ही ऑर्डर जाऊ दे, मग बघू." सातव्या महिन्यात म्हणाली, "काका, आटे?" मी खेकसलो, "पोरी, हातात चांगलं काम आहे तर खाज कसली सुटते? कायमच्या वेळी मॅनेजरच्या तोंडात तुझंच नाव असेल." मला तेव्हा ते खरंही वाटत होतं. ती "बरं" म्हणाली आणि मशीनकडे गेली.

आता वहीचं सांगतो. प्रत्येक अॅप्रेंटिसला कामाची वही ठेवावी लागते. रोज काय केलं ते लिहायचं, जॉबची, म्हणजे केलेल्या नगाची, आकृती काढायची, आणि महिन्याच्या शेवटी फोरमननं सही करायची. परीक्षेच्या दिवशी ती वही सोबत न्यायची, तिला मार्क असतात. नियम हा असा. आणि आमच्या शॉपची रीत अशी की मागच्या तुकडीची एक वही कपाटावर पडलेली असायची आणि पुढची तुकडी ती उतरवून काढायची. त्यांनी ती त्यांच्या आधीच्यांकडून उतरवलेली. आटे पाडण्याची एक आकृती पिढ्यान् पिढ्या चालत आलेली होती, तिच्यात एक माप चुकलेलं होतं आणि ते चुकलेलं मापसुद्धा प्रत्येक वहीत इमानेइतबारे उतरलेलं असायचं. मला माहीत होतं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी सहा वह्यांचा गठ्ठा यायचा, मी एका हातानं चहा प्यायचो आणि दुसऱ्या हातानं सह्या ठोकायचो. पान उघडं असलं म्हणजे झालं.

ही मात्र तिच्या त्या दोनशे पानी वहीत आधी कच्चं लिहायची आणि मग कंपनीच्या वहीत पक्कं. जेवणाच्या सुट्टीत डबा संपला की वही उघडायची. पोरं हसायची, मीही हसायचो. "काय वहीताई, आत्मचरित्र कुठवर आलं?" ती म्हणायची, "काका, फार काही घडत नाहीये त्यात." आम्ही आणखी हसायचो.

दहा महिने झाले. परीक्षेचे फॉर्म भरायचे म्हणून एचआरच्या साहेबानं सगळ्या वह्या मागवल्या, आणि दुपारी मला बोलावणं आलं. टेबलावर पाच वह्या एका बाजूला रचलेल्या, सहावी उघडी. त्यानं ती माझ्याकडे फिरवली.

"वाचा."

मी वाचलं. 'बुश. नग २१०. भंगार १.' दुसऱ्या दिवशी, 'बुश. नग २०४. भंगार ०.' पान उलटलं. बुश. आणखी उलटलं. बुश, बुश, बुश. एका पानावर, 'आज वीज दोन तास नव्हती. बुश. नग १५८.' चौथ्या महिन्यात, 'टेपरबद्दल विचारले. ऑर्डर गेल्यावर असे उत्तर.' सातव्या महिन्यात, 'आट्यांबद्दल विचारले. नाही.' आणि प्रत्येक महिन्याच्या खाली, निळ्या शाईत, डौलदार, माझी सही. दहा सह्या.

मी घाबरलो. खोटं कशाला बोलू, तिच्यासाठी नाही, स्वतःसाठी. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं.

साहेब शांतपणे म्हणाला, "परीक्षकानं हे पाहिलं तर तो मंडळाला कळवेल. तपासणी लागेल. आपण उमेदवार शिकायला घेतो की उत्पादनाला, असं विचारतील. तिला नवी वही द्या. बाकीच्यांसारखी लिहून आणू दे. सांगा, एक जागा निघायची शक्यता आहे. स्वच्छ वहीवाल्याचं नाव पुढं जाईल."

मी शॉपमध्ये गेलो ते रागानंच गेलो. कोणावर, ते तेव्हा कळत नव्हतं. तिच्या मशीनपाशी जाऊन कोरी वही आणि कपाटावरची जुनी वही आपटली. "हे काय लिहून ठेवलंस? डोकं ठिकाणावर आहे का? चार दिवसांत हे उतरवून आण."

तिनं मशीन बंद केलं. चिंध्यांनी हात पुसले, एकेक बोट पुसलं. जुनी वही उघडून आट्यांच्या आकृतीचं पान काढलं.

"काका, इथलं माप चुकलंय."

"माहीत आहे मला."

"उतरवते मी. त्याला किती वेळ लागतो?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "पण परीक्षेत आटे पाडायला दिले तर हात कुठून आणू? वहीत मला येतंय असं लिहिलं असेल आणि मशीनपाशी मी नुसती उभी असेन. एकदा राहिलेय मी तशी. शर्ट पुढ्यात होता."

मी म्हटलं, "मग आधी नाही का बोलायचंस? महिन्याच्या महिन्याला मी सही करत होतो ना?"

"मला वाटायचं तुम्ही वाचता," ती म्हणाली. "दर महिन्याला वाटायचं, आता वाचून बोलावतील. सही बघितली की वाटायचं, वाचलं आणि तरी ठेवलं बुशवरच. म्हणजे यांच्या मनात काहीतरी असेल."

 दहा महिने ती पोरगी मला दर महिन्याला चिठ्ठी लिहीत होती आणि मी त्या चिठ्ठीवर चहाचे थेंब सांडत होतो. लाज वाटली, दुसरा शब्द नाही. कोरी वही उचलली आणि केबिनमध्ये जाऊन बसलो. कप बाजूला सारून काचेखालचा तक्ता वाचला. आठ आठवडे उरले होते आणि कामं होती दहा महिन्यांची.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग शिकवा की. येत नाही का तुम्हाला?" एवढंच म्हणाली आणि वाढायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरकडे गेलो. म्हटलं, तिला बुशवरून काढतोय. तो म्हणाला, बुश कोण करणार, तुम्ही? मी म्हटलं, हो.

त्याला वाटलं मी तोंडाला येईल ते बोलतोय. मी सकाळी कोट काढून खुंटीला लावला, चष्मा पुसला आणि बुशच्या लेथवर उभा राहिलो. बारा-तेरा वर्षं हात नुसता कागदावर चाललेला. पहिल्या दिवशी पासष्ट नग झाले, त्यातले अकरा भंगारात. पोरं मशीनं थांबवून बघायला आली, तर मी असा डोळा वटारला की पांगली. दुपारपर्यंत पाठ धरली आणि मनगटात कळ यायला लागली. ही बया रोज दोनशे कशी काढत होती ते मला तेव्हा कळलं. दहा महिने.

दुपारपर्यंत मी बुशवर आणि दुपारनंतर तिच्या शेजारी. सकाळी तिला करायला देऊन ठेवायचो आणि दुपारी तपासायचो. टेपर तिनं तीन दिवसांत घेतला. आट्यांना वेळ लागला. आटे एका फेरीत पडत नाहीत. त्याच वाटेनं टूल पुन्हा पुन्हा न्यावं लागतं, दर फेरीला थोडं खोल. मशीनवर एक फिरती तबकडी असते, तिच्यावरची खूण पुढं आली की त्याच क्षणी मशीनचा दांडा टाकायचा. खूण चुकली की टूल दुसरीच वाट धरतं आणि आधीचं सगळं फुकट. तिनं पहिले नऊ जॉब घालवले. दहाव्याला मी ओरडलो, "घाई कसली आहे?" ती म्हणाली, "काका, सात आठवडे राहिलेत." मी पुढचा जॉब लावून दिला. तेराव्या जॉबवर नट हातानं, एका बोटानं फिरत शेवटपर्यंत गेला. ती बराच वेळ तो नट पुढं-मागं फिरवत उभी राहिली. मला बरं वाटलं, फार बरं वाटलं.

त्या महिन्याच्या शेवटी वही आली. या वेळी मी चहा बाजूला ठेवून अथपासून वाचली. त्या महिन्याच्या पहिल्याच पानावर ओळ होती, 'टेपर, पहिला प्रयत्न. आजचे बुश फोरमनकाकांनी केले. नग ६५. भंगार ११.'

मी तिला हाक मारली. "हे लिहायलाच हवं होतं का?"

"झालंय तेच लिहिलंय," ती म्हणाली. "शेवटच्या आठवड्यात तुमचे एकशेवीस आहेत, भंगार तीन. तेही लिहिलंय."

मी सही केली. आयुष्यातली पहिली धड सही.

साहेब मात्र शेवटपर्यंत कोरी वही पुढं करत होता. तिच्यासमोरच मला म्हणाला, "फोरमन, एका जागेचा प्रश्न आहे, समजावा तिला." मी म्हटलं, "जागा मंजूर झालीय का? कागद दाखवा." तो कागद नव्हताच. तिनं ते ऐकलं आणि आपलीच वही पिशवीत घातली.

परीक्षा संस्थेतच होती, परीक्षक बाहेरचे. मी रजा टाकून फाटकापाशी उभा राहिलो, पोरीच्या बापासारखा. आत काय झालं ते तिनंच नंतर सांगितलं. परीक्षकांनी वही चाळली, कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारलं, "दहा महिने बुश?" ती म्हणाली, "हो सर. पुढं वाचा." त्यांनी पुढं वाचलं. मग बाकीच्या पाच वह्या एकापुढं एक उघडून पाहिल्या. पाचही आकृत्यांत तेच चुकलेलं माप. वह्या मिटल्या आणि कामाचा कागद दिला. एक दांडा, टोकाला टेपर, मध्ये आटे, आणि त्यावर बसणारा बुश. सहा तास.

बुश तिनं चाळीस मिनिटांत उडवला आणि उरलेला सगळा वेळ आट्यांना दिला. पास झाली. वहीचे मार्क कापले गेले, कामाचे पूर्ण पडले. आमच्या सहाजणांतले तिघं आट्यांवर अडकून राहिले.

महिन्याभरात मंडळाचं पत्र आलं. कंपनीनं तक्त्याप्रमाणे प्रशिक्षण दिलं का, खुलासा करा. माझ्या हातात मेमो पडला. मी खुलाशात लिहिलं, 'दिले नाही. चूक माझी.' आमच्या शॉपच्या इतिहासातला सगळ्यात आखूड खुलासा तो. त्या वर्षीची पगारवाढ अडली. घरी बायको म्हणाली, "बरं झालं, सुटलात."

तिला साहेबानं बोलावलं. कायमची जागा नाही, पण आणखी एक वर्ष 'कंपनी ट्रेनी' म्हणून राहा म्हणाला. स्टायपेंड वाढवून, बुशवर. मी तिथंच होतो. तिनं पिशवीतून दोनशे पानी वही काढली.

"करार नोंदवणार का?"

"यात नोंदणी नसते."

"शेवटी परीक्षा?"

"झाली ना तुझी."

"मग कायम?"

साहेबानं पुन्हा छताकडे पाहिलं.

ती नाही म्हणाली. आणि मी, हे सगळं बघितलेला मी, बाहेर आल्यावर तिला रागावलो. "हातातलं सोडून चाललीस. वर्षभर पैसे तरी आले असते. घरी बसून काय करणार?" ती गेली तर मला करमणार नव्हतं, हे त्या रागात किती होतं ते माझं मला ठाऊक. ती म्हणाली, "काका, आणखी एक वर्ष बुश केले की मी परत कॉलरवाली होईन."

पाच महिने ती घरी होती. दारावरची शिलाई घ्यायची. भाऊ तिच्याशी नीट बोलेना. शेजारच्या टेबलावर गेलेला तिच्याच वर्गातला एक पोरगा रोज कारखान्याच्या बसमधून तिच्या दारावरून जायचा, हात करायचा. आईनं तेवढ्यात एकदा मला फोन केला. "तिनं बरोबर केलं ना हो?" मी "हो" म्हणालो, पण खात्री मलाही नव्हती.

मग दुसऱ्याच एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूमची, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवायच्या विभागाची, जाहिरात आली. जागा कायम, सहा महिने चाचणीच्या. अट एकच, शिकाऊ उमेदवारी पूर्ण केल्याचं मंडळाचं प्रमाणपत्र. ती गेली. बसमधून हात करणारा पोरगाही गेला होता, त्याच्या कारखान्यानं तोवर पूर्ण तुकडी घरी पाठवली होती. त्याच्याकडे कंपनीचा दाखला होता, चकचकीत कागदावर, सोनेरी शिक्का. कागद तपासणाऱ्यानं तो वाचून परत दिला आणि पुढचं नाव पुकारलं. तो पायऱ्यांवर बसून राहिला. ती म्हणाली, "मला आनंद झाला नाही काका. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे."

आत मुलाखतीला तिची वही उघडली गेली. टूलरूमचा मुख्य पानं उलटत त्या ओळीवर थांबला आणि विचारलं, "हे बुश करणारे फोरमन कोण?" तिनं माझा नंबर दिला.

मी बुशवरच होतो. चिंधीनं फोन धरला. तो म्हणाला, "पासष्ट नग, अकरा भंगार. तुम्हीच का?" मी म्हटलं, "मीच." तो म्हणाला, "उमेदवारानं फोरमनचं भंगार लिहिलं आणि फोरमननं खाली सही केली. असली वही मी पाहिली नव्हती." पुढं त्यानं तिला आटे पाडून दाखवायला सांगितले. नट एका बोटानं फिरला असणार. सहा महिन्यांनी तिचा फोन आला. "काका, कायम झाले."  मी बायकोच्या हातात फोन दिला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत मी निवृत्त झालो. माझी जागा भरलीच नाही, मंजूर जागाच एकानं कमी झाली. मेमोनंतर तक्ता केबिनच्या दारावर चिकटवला होता, तो तसाच आहे. गेल्या महिन्यात काही कागदांवर सह्या करायच्या होत्या म्हणून कंपनीत गेलो, तर बुशच्या लेथवर एक नवी पोरगी उभी होती. हात छान चालत होता. मी आवाज ऐकत थांबलो. कड बरोबर कापली जात होती.

सुट्टी झाल्यावर तिला विचारलं, "किती महिने झाले?"

"सहा."

"सगळे बुश?"

"सगळे बुश. मॅनेजर म्हणालेत, कायमच्या वेळी माझंच नाव पुढं."

"आणि वहीत काय लिहितेस?"

ती हसली. "टेपर. या महिन्यात आटे."

"आण बघू."

तिनं आणली. आट्यांच्या आकृतीत तेच माप चुकलेलं होतं. खाली कुणाची तरी नवी, डौलदार सही. मी खिशातून पेन काढलं, माप दुरुस्त केलं आणि पानाच्या कडेला वहीताईचा फोन नंबर लिहिला.

"ही कोण?" पोरीनं विचारलं.

"याच लेथवर बुश करत होती, तुझ्यासारखी. रविवारी जा तिच्याकडे," मी म्हटलं. "विचारेल तुला, मागच्या तुकडीतले किती कायम झाले. त्याआधी इथं विचारून ठेव."